पुस्तक मिटल्यानंतरची दोन मिनिटं

बारावीनंतर वीस-बावीस वर्षांनी अभ्यासाचं पुस्तक उघडणारा माणूस वाचन विसरलेला नसतो. मधल्या काळात तो रोज वाचतच असतो: फोनवरचे निरोप, बसच्या पाट्या, कार्यालयाची परिपत्रकं, वर्तमानपत्रातले मथळे. पण यातलं बहुतेक अर्ध्या मिनिटात संपतं आणि लगेच विसरलं तरी चालतं. सुटते ती एकच सवय. मागच्या परिच्छेदातला मुद्दा डोक्यात धरून ठेवायचा आणि त्याच्याच जोरावर पुढचा परिच्छेद समजून घ्यायचा, ही.

एका अंगणवाडी सेविकेचं उदाहरण घेऊ. वय त्रेचाळीस. मुख्यसेविका व्हायचं तर पदवी हवी, म्हणून तिने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. 1989 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची पुस्तकं घरी बसून एकट्याने शिकणाऱ्यासाठी लिहिलेली असतात. धडा ‘घटकां’त मांडलेला असतो, सुरुवातीला उद्दिष्टं, मग विवेचन, शेवटी सारांश आणि स्वाध्याय. तिने राज्यशास्त्रातला मूलभूत हक्कांचा घटक काढला, रात्रीची भांडी आवरून बसली आणि तासाभराने उठली. अकरा पानं उलटली होती. दुसऱ्या दिवशी त्यातलं काय आठवतंय, असं रविवारच्या वर्गातल्या बाईंनी विचारलं, तेव्हा तिला पहिल्या दोन पानांपलीकडे काही सांगता येईना.

बाईंनी तासाचा हट्ट सोडायला लावला. वीस मिनिटं वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि पुढची दोन मिनिटं वहीत आठवेल ते लिहायचं, पुस्तकात न डोकावता. वाचताना मन भरकटल्याचं लक्षात आलं की समासात पेन्सिलीची बारीक रेघ मारायची आणि बाजूला घड्याळातली वेळ लिहायची. एवढंच.

ही दोन मिनिटं का महत्त्वाची, याला पुरावा आहे. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर पारडं फिरलं: लिहून काढणाऱ्यांना सुमारे 56 टक्के मजकूर आठवत होता, पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के. पुन्हा वाचल्यावर मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळख म्हणजेच आकलन असा समज होतो. खूप वर्षांनी अभ्यासाकडे वळलेल्या माणसाला हा समज फार लवकर होतो, कारण त्याला आपली प्रगती दिसायची घाई असते.

पहिल्या आठवड्यात तिची चार पानंही होत नव्हती. वहीत मात्र कलम 14 ते 18, म्हणजे समतेचा हक्क, नीट उतरला होता. अस्पृश्यता कितव्या कलमाने नाहीशी केली, हे ती न अडखळता सांगे. गाडी अडे ती कलम 19 वर. पेन्सिलीच्या रेघा तिथेच दाटलेल्या, वेळ बाराव्या-तेराव्या मिनिटाची.

इथे घाईने निष्कर्ष काढला तर फसगत होते. लक्ष बारा मिनिटांतच संपतं, असं तिला वाटलं. बाईंनी कलम 19 पासूनच वाचायला सुरुवात करायला सांगितली, तर रेघ दुसऱ्याच मिनिटाला पडली. म्हणजे दमछाक वेळेची नव्हती, मजकुराची होती. त्या कलमात सहा स्वातंत्र्यं एका बाजूला आणि प्रत्येकावरचे ‘वाजवी निर्बंध’ पुढच्या वेगळ्या खंडांत. वाचणाऱ्याला पहिली यादी डोक्यात धरून दुसरीशी जुळवावी लागते. तिने वहीत दोन रकाने आखले, डावीकडे स्वातंत्र्य, उजवीकडे निर्बंध, आणि तो भाग मोठ्याने वाचला. रेघा कमी झाल्या.

दुसरं कारण डोळ्यांचं निघालं. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं स्पष्ट दिसायला श्रम पडतात. रात्री मंद दिव्याखाली ते जास्त जाणवतं. पुस्तक हातभर लांब धरल्यावर अक्षर नीट दिसत असेल किंवा वाचताना कपाळ दुखत असेल, तर लक्ष वाढवण्याचे सगळे प्रयोग आधी थांबवावेत आणि डोळे तपासून घ्यावेत. वाचनाचा चष्मा लागल्यावर तिची संध्याकाळची बैठक एकदम सोपी झाली. सवयीचा कितीही सराव केला असता तरी हे झालं नसतं.

हे दोन अडथळे बाजूला काढल्यावर जे उरतं ते खरं भरकटणं. त्याची खूण वेगळी असते: पान उलटलेलं असतं, डोळे ओळीवरून फिरलेले असतात, पण काय वाचलं ते माहीत नसतं. 2010 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात चार विद्यार्थ्यांना जेन ऑस्टिनची एक आख्खी कादंबरी वाचायला देऊन त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या. मन भरकटलेलं असताना नजर शब्दांवर जास्त वेळ रेंगाळे आणि अवघड-सोप्या शब्दांत फारसा फरक करत नसे. डोळे चालतात म्हणजे वाचन चालतं, असं नाही. म्हणून मिनिटांचा हिशोब एकटा कधीच पुरेसा नसतो.

बैठक वाढवण्याचा बाईंचा नियम यावरूनच ठरला. वहीत शेवटच्या पाच मिनिटांतला मजकूर पहिल्या पाच मिनिटांइतकाच स्वच्छ उतरला, आणि असं सलग तीन बैठकांत झालं, तरच पाच मिनिटं वाढवायची. शेवटचा भाग धूसर असेल तर वीसवरच थांबायचं. वीसवरून पंचवीसला जायला तिला दीड आठवडा लागला, तिसाला आणखी दोन. पस्तिसावर ती बराच काळ अडली, कारण त्याच सुमारास पोषणाच्या नोंदी आणि गावातली लग्नं एकत्र आली. बाईंनी एक पायरी खाली उतरायला सांगितलं आणि ती पुन्हा तिसावर आली. मला हा निर्णय सगळ्यात मोलाचा वाटतो. पस्तिसावर रडतखडत टिकून राहिलेला माणूस आठवड्याभरात पुस्तकच मिटवून टाकतो.

पंचेचाळीस मिनिटांपुढे बाईंनी बैठक वाढवू दिली नाही. त्यापुढे दुसरी बैठक जोडायची. मधली दहा मिनिटं उठून काहीतरी हाताचं काम करायचं आणि त्यात फोन उघडायचा नाही, कारण दहा मिनिटांच्या विश्रांतीत उघडलेला निरोपांचा गट पुढच्या बैठकीतही डोक्यात बोलत राहतो. विषय बदलला की मिनिटंही पुन्हा कमी करायची. राज्यशास्त्रात चाळिसावर पोहोचलेली सेविका अर्थशास्त्राच्या आलेखांपुढे पुन्हा वीसवर आली आणि ते बरोबरच होतं. नवे शब्द, आकृत्या, वाचनाचा वेगळाच क्रम: कलम 19 ला लागलेले श्रम इथेही लागणारच होते.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. तीन तासांच्या लेखी परीक्षेला एवढं पुरत नाही. लिहिण्याचा हात आणि बैठक वेगळ्याने कमवावी लागते. त्यासाठी बाई शेवटच्या दोन महिन्यांत जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवायला बसवतात. वाचनाच्या बैठका तोवर सुरूच राहतात.

पुस्तकं घरी येऊन पडली असतील तर आज रात्री एकच घटक काढा, पेन्सिल आणि वही जवळ घ्या, घड्याळ वीस मिनिटांवर लावा आणि पहिली रेघ कुठे पडते ते लिहून ठेवा.