छापील बाण आणि सोनीचं क्लोराइड

सोनी कारवानी जातीची, २२ किलोची, नेकनूरच्या शिवारात केसर आंब्याची बाग राखणारी कुत्री. मे महिन्यात तिला ओकाऱ्या लागल्या. मालक दवाखान्याच्या पायरीवरूनच सांगायला लागले, "साहेब, पोटात पाणीसुद्धा ठरंना. पिली की घटकाभरात भडाभडा वकती." त्याआधी तिला दुसरीकडे दोन दिवस आरएलच्या बाटल्या लावून झाल्या होत्या, तरी ती ढासळतच चालली होती.

मी पहिला प्रश्न ओकारीच्या रंगाचा विचारला. पिवळी की पांढरी? "पांढरीच. पाण्यासारखी, वर फेस." या उत्तरावर माझं निम्मं लक्ष तिथंच अडकलं. चार-चार दिवस ओकणाऱ्या कुत्र्याच्या ओकारीत कधी ना कधी पित्ताचा पिवळेपणा येतोच. पित्त लहान आतड्यात उतरतं आणि तिथून उलटं जठरात येतं. ते अजिबात येत नसेल, तर जठर आणि आतडं यांच्यामधलं दार, म्हणजे पायलोरस, बंद असल्याचा संशय घ्यावा. पोट चाचपून काही हाती लागलं नाही. कुत्र्याचा पायलोरस उजव्या फासळ्यांच्या आत दडलेला असतो, तो बोटांना लागत नाही. कातडी चिमटीत धरली तर हळूहळू खाली बसत होती, हिरड्या चिकट होत्या, मागचे पाय लटपटत होते. शरीरातलं पाणी आठ टक्क्यांच्या आसपास कमी झालेलं असावं.

नेकनूरला ब्लड गॅसचं यंत्र नाही. माणसांच्या अतिदक्षता विभागात असतं ते बीडला, आणि तिथले एक फिजिशियन माझे जुने स्नेही. नमुना बर्फात घालून पाठवता आला असता, पण मांजरसुंब्यावरून बीडला पोचेपर्यंत अर्धा तास तरी जातोच. बर्फातही सिरिंजमधल्या पेशी हळूहळू ग्लुकोज खात राहतात, लॅक्टेट वाढतं, पीएच उतरतो. त्यात हवेचा बुडबुडा राहिला तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो. म्हणून आम्ही सोनीलाच गाडीत घातलं. रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये, लिंबाच्या सावलीत, मानेच्या शिरेतून रक्त घेतलं. सिरिंजमध्ये हेपरिन फिरवून पूर्ण बाहेर काढून टाकलेलं होतं. हेपरिन जास्त राहिलं तर रक्त पातळ होतं आणि बायकार्बोनेट, कॅल्शियम उगाच कमी दिसतं. धमनीसाठी मी धडपडलो नाही. ऑक्सिजन बघायचा नसेल तर शिरेचं रक्त पुरतं, फक्त कार्बन डायऑक्साइड त्यात थोडा जास्त असतो एवढं ध्यानात ठेवायचं.

दोन मिनिटांत चिठ्ठी आली. पीएच ७.५२. कार्बन डायऑक्साइडचा दाब ५२. बायकार्बोनेट ४१. सोडियम १३८, पोटॅशियम २.७, क्लोराइड ८२. लॅक्टेट किंचित वाढलेलं. पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेटपुढे वर जाणारे बाण, पोटॅशियम आणि क्लोराइडपुढे खाली जाणारे, आणि सोडियमपुढे काहीच नाही.

डॉक्टर मित्राची नजर आधी कार्बन डायऑक्साइडवर गेली. "हिचा श्वास कमी पडतोय का?" प्रश्न रास्त होता. पण असा कागद वाचताना मी एक क्रम सोडत नाही. आधी पीएच बघायचा. तो ७.४५ च्या वर आहे, म्हणजे रक्त अल्कलीकडे झुकलंय. मग विचारायचं, या झुकण्याला जबाबदार कोण? कार्बन डायऑक्साइड वाढला तर रक्त आम्लाकडे जातं, अल्कलीकडे नाही. म्हणजे मूळ गुन्हेगार तो नव्हे. बायकार्बोनेट मात्र दुपटीजवळ पोचलंय, तेव्हा मूळ बिघाड चयापचयाचा, मेटाबॉलिक अल्कलोसिस. कार्बन डायऑक्साइड वाढला तो शरीरानं पीएच सांभाळायला श्वास मंदावला म्हणून.

तो योग्य प्रमाणात वाढलाय का, हेही तपासता येतं. कुत्र्यात बायकार्बोनेट एकानं वाढलं की कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण ०.७ नं वाढावा अशी अपेक्षा असते. सोनीचं बायकार्बोनेट नेहमीच्या २२ वरून ४१ वर गेलंय, वाढ १९. त्याचे ०.७ पट म्हणजे १३. शिरेच्या रक्तातला नेहमीचा ४० धरला तर ५३ व्हायला हवा होता, आला ५२. हिशोब जुळला, फुफ्फुसं आपलं काम चोख करत होती. हाच आकडा ६५ असता तर ओकारी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झालाय का, हे शोधत बसावं लागलं असतं. आणि ४० असता तर वेदनेमुळे किंवा तापामुळे ती धापा टाकतेय का, हे बघावं लागलं असतं.

आता क्लोराइड. इथं यंत्र थोडं फसवतं, कारण त्यावरचे बाण माणसाच्या मापानं छापलेले असतात. माणसाचं क्लोराइड साधारण ९८ ते १०६, कुत्र्याचं १०७ ते ११३. म्हणजे माणसाच्या मापाच्या खालच्या टोकापासून ८२ हा आकडा सोळानं खाली दिसतो, कुत्र्याच्या मापाच्या खालच्या टोकापासून तो २५ नं खाली आहे. सोडियमचं तर बाणाविना राहिलेलं १३८ हेसुद्धा कुत्र्यासाठी कमीच, त्याचं नेहमीचं १४५ च्या आसपास असतं. मित्राला हे सांगितलं तेव्हा त्यानं चिठ्ठी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं कुत्र्याची मापं लिहून घेतली. नंतरचं सगळं आम्ही त्या बाजूकडे बघूनच बोललो.

सोडियमही कमी असल्यामुळे एक शंका उरते. सोनी घटाघटा पाणी प्यायली आणि रक्तच पातळ झालं, म्हणून दोन्ही घसरले असतील का? त्यासाठी क्लोराइडची दुरुस्ती करतात. मोजलेल्या क्लोराइडला १४६ नं गुणायचं आणि मोजलेल्या सोडियमनं भागायचं. ८२ गुणिले १४६ भागिले १३८, उत्तर ८७. पाण्याचा दोष वजा करूनही क्लोराइड कुत्र्याच्या मापाच्या मध्यापासून, म्हणजे ११० पासून, २३ नं खाली राहिलं, म्हणजे ते शरीराबाहेर जातंय. ॲनायन गॅपही काढला. सोडियम आणि पोटॅशियमची बेरीज, त्यातून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा. १७.७ आला. कुत्र्यात १२ ते २४ चालतो. आत दुसरा मोठा आम्लदोष लपलेला नाही, एवढी खात्री त्यातून झाली.

जठर जेव्हा हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतं, तेव्हा प्रत्येक आम्लकणामागे एक बायकार्बोनेट रक्तात सुटतं. आम्ल पुढे आतड्यात उतरलं की स्वादुपिंड बायकार्बोनेट ओतून ते शमवतं आणि वही जुळते. पायलोरस बंद असेल तर आम्ल तोंडावाटे बाहेर, बायकार्बोनेट रक्तातच. साध्या ओकारीत, पार्व्होत किंवा जठराच्या दाहात आतड्यातला अल्कली मालही बाहेर पडतो, म्हणून तिथं हे चित्र सहसा दिसत नाही, उलट आम्लाकडेच कल असतो.

पण मूत्रपिंडानं जादा बायकार्बोनेट बाहेर का टाकलं नाही? उत्तर लघवीत मिळालं. सोनी लिंबाखाली बसली तेव्हा मी वाटी पुढे धरली. पट्टीवर लघवीचा पीएच साडेपाच आला. रक्त अल्कली आणि लघवी आम्ल! मित्र दोनदा पट्टी बघत राहिला. मूत्रपिंडाला बायकार्बोनेट टाकायचं तर बदल्यात क्लोराइड लागतं आणि क्लोराइडच संपलेलं. वरून पाणी कमी, म्हणून अल्डोस्टेरॉन सोडियम धरून ठेवा म्हणतंय, आणि सोडियम धरताना पोटॅशियम आणि आम्लाचे कण लघवीत जाताहेत. पोटॅशियम २.७ वर आलं ते असं. म्हणजे मूत्रपिंडच हा दोष टिकवून धरत होतं, आणि क्लोराइड मिळाल्याशिवाय ते सोडणार नव्हतं.

म्हणूनच आरएलनं काम झालं नव्हतं. आरएलच्या लिटरमध्ये क्लोराइड १०९ आणि लॅक्टेट २८. हे लॅक्टेट यकृतात जाऊन बायकार्बोनेटच होतं. आरएल काही विष नव्हे, बहुतेक ओकाऱ्यांना ते चालतं. पण इथं हवं होतं साधं ०.९ टक्क्यांचं नॉर्मल सलाइन, ज्यात क्लोराइड १५४ असतं. सोडा बायकार्ब या कुत्रीला चुकूनही टोचायचा नव्हता.

बीडमधल्या एका पशुवैद्य मित्राच्या दवाखान्यात आम्ही तिला ठेवलं. पहिलं ४०० मिली नॉर्मल सलाइन वीस मिनिटांत, पोटॅशियमविना. जलद जाणाऱ्या बाटलीत पोटॅशियम कधीच घालत नाहीत, हृदय थांबू शकतं. त्यानंतरच्या प्रत्येक लिटरमध्ये पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलीच्या दोन अँप्यूल, म्हणजे ४० मिलिइक्विव्हॅलंट. बाटली पाच-सहा वेळा उलटीसुलटी केली, नाहीतर जड द्रावण तळाशी बसतं आणि पहिल्याच धारेत सगळं जातं. वेग तासाला १५० मिली. या वेगानं पोटॅशियम किलोमागे तासाला ०.२७ पडतं, ०.५ च्या मर्यादेत. जठराचं आम्ल कमी करायला पँटोप्राझोल किलोमागे १ मिग्रॅ शिरेतून. मेटोक्लोप्रमाइड टाळलं, ते जठराला ढकलायला लावतं आणि पुढं दार बंद आहे.

सोनोग्राफीत पायलोरसच्या तोंडाशी एक चकचकीत वाकडी रेघ आणि तिच्यामागे काळी सावली दिसली. एक्स-रेवर ती जवळपास अदृश्यच राहिली असती. मालक चटकन म्हणाले, "कोय!"

ऑपरेशन त्या रात्री केलं नाही. पोटॅशियम २.७ असताना भूल दिली तर हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती, आणि अल्कली रक्तात मोकळं कॅल्शियमही घटलेलं असतं. बारा तासांनी पुन्हा चिठ्ठी काढली. पीएच ७.४४, बायकार्बोनेट २९, क्लोराइड १०१, पोटॅशियम ३.५. लघवीची पट्टीही आठकडे सरकलेली, मूत्रपिंड आता बायकार्बोनेट टाकत होतं. मग जठर उघडलं. केसाळ धाग्यांसकट केसरची कोय, पायलोरसमध्ये बुचासारखी बसलेली. ती मागे जठरात ढकलून तिथूनच बाहेर काढली.

एक सांगायला हवं. कमी क्लोराइड आणि अल्कली रक्त म्हणजे पायलोरस बंदच, असं नाही. आतड्याच्या वरच्या भागात अडथळा असला, किंवा हृदयरोगासाठी फ्युरोसेमाइड चालू असलं, तरी हेच आकडे येतात. नेकनूरच्या बाजाराच्या पट्ट्यात माझं रोजचं काम गाईगुरांचं, आणि संकरित गाईचं चौथं पोट सरकलं की रक्तात हुबेहूब हेच चित्र उमटतं.

ब्लड गॅसचं यंत्र जवळ नसलं तरी साध्या इलेक्ट्रोलाइट यंत्रावर सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड मिळतं, आणि लघवीची पट्टी कुठल्याही मेडिकलमध्ये असते. या दोन गोष्टींवर नॉर्मल सलाइन लावायचं की आरएल, एवढं ठरवता येतं. श्वास नीट भरपाई करतोय का, हे मात्र त्यातून कळत नाही, त्यासाठी बीड गाठावंच लागतं.