थेरपीचा गुण खरा की योगायोग? एकाच मुलावरचा प्रयोग

माझ्याकडे येणारे काही पालक विचारतात, "डॉक्टर, महिनाभर नवीन थेरपी चालू आहे. मुलात बराच फरक वाटतोय. पुढे चालू ठेवू ना?" मी उलट विचारतो, "थेरपीच्या आधी तो दिवसातून किती वेळा जागेवरून उठायचा?" याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. बीपीचं एकच रीडिंग जास्त आलं म्हणून आपण लगेच आयुष्यभराची गोळी सुरू करत नाही, वेगवेगळ्या दिवशी मोजून बघतो. इथेही तेच हवं.

शिवाय आपण थेरपीकडे वळतो ते मूल सगळ्यात जास्त त्रास देत असतं तेव्हा. वाईट काळ कधीकधी आपोआपही ओसरतो आणि श्रेय थेरपीला जातं.

विशेष शिक्षणात याचं उत्तर शोधणं अवघड असतं, कारण निदान एकच असलं तरी दोन मुलं सारखी नसतात. शंभर मुलांची सरासरी तुमच्या मुलाबद्दल फारसं सांगत नाही. म्हणून संशोधकांनी मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच करण्याची पद्धत काढली. आधी काहीही न बदलता काही दिवस मोजायचं, ही झाली बेसलाइन. मग उपाय सुरू करून तसंच मोजत राहायचं.

रॉबीची गोष्ट

1968 साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये आर. व्हान्स हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात तिसरीतला एक मुलगा होता, रॉबी. स्पेलिंगच्या तासाला तो रबरबँड ताणायचा, खिशातली खेळणी काढायचा, गप्पा मारायचा. निरीक्षक दर 10 सेकंदांच्या तुकड्यात तो अभ्यास करतोय की नाही याची नोंद करत. बेसलाइनमध्ये अभ्यासाचं प्रमाण होतं सुमारे 25 टक्के. नोंदींमधून आणखी एक गोष्ट दिसली. बाईंचं लक्ष त्याच्याकडे जाई ते निम्म्याहून जास्त वेळा तो अभ्यास करत नसताना!

मग उपाय ठरला. रॉबीने सलग एक मिनिट अभ्यास केला की निरीक्षकाने खूण करायची आणि बाईंनी जवळ जाऊन शाबासकी द्यायची. इतर वेळी दुर्लक्ष. अभ्यास 71 टक्क्यांवर गेला.

आपण इथेच थांबलो असतो. त्यांनी मात्र शाबासकी काही दिवस मुद्दाम बंद केली, आणि प्रमाण 50 टक्क्यांच्या आसपास उतरलं. पुन्हा सुरू केल्यावर ते परत 70च्या वर गेलं. एकदा सुधारणा झाली तर तो योगायोग असू शकतो. पण उपायाबरोबर वर, उपाय थांबताच खाली आणि पुन्हा वर, असं झालं की योगायोग म्हणणं कठीण जातं. त्याच अभ्यासात एकूण सहा मुलं होती, आणि ते गरजेचंच होतं, कारण एकट्या रॉबीवरून सगळ्या मुलांबद्दल बोलता येत नाही.

उपाय काढून घेता येत नसेल तर?

शर्टाची बटणं लावायला शिकलेलं मूल शिकवणं थांबवल्यावर ते विसरत नाही. तिथे मागे जाता येत नाही. मग तीन कौशल्यांची बेसलाइन एकदम सुरू करतात. समजा बटणं लावणं, दात घासणं आणि बूट घालणं. आधी फक्त बटणं शिकवायची. बाकी दोन्ही होती तिथेच राहिली, आणि ज्याची पाळी आली तेच सुधारलं, तर श्रेय शिकवण्याचं. तिन्ही एकदम सुधारली तर कारण दुसरंच असू शकतं. कदाचित मूल वयानुसार मोठं होतंय.

आलेख कसा वाचायचा

बेसलाइन आधीपासूनच वर चढत असेल तर नंतरच्या सुधारणेला फारसा अर्थ नाही. प्रत्येक टप्प्यात निदान पाच नोंदी असाव्यात. अधूनमधून दुसऱ्या माणसाने स्वतंत्र मोजून बघावं, कारण आशा लावून बसलेल्या डोळ्यांना सुधारणा लवकर दिसते. आणि थेरपी, नवीन आहार, बदललेली शाळा हे सगळं एकाच आठवड्यात सुरू केलं, तर गुण कशाचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

तेव्हा पुढची थेरपी सुरू करण्याआधी एकच वागणूक निवडा, ती नेमकी शब्दांत लिहा आणि पाच-सहा दिवस फक्त मोजा. 'चिडचिड' असं लिहू नका, 'जेवताना ताट ढकलणं' असं लिहा.

एक मात्र लक्षात ठेवा. 'थांबवून बघूया' हा प्रयोग शाबासकीसाठी ठीक आहे. फिट्सच्या किंवा इतर कुठल्याही औषधाच्या बाबतीत तो घरी करू नका. फिट्सचं औषध अचानक बंद केल्यास झटके सुरू होऊन जिवावर बेतू शकतं. त्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या.