"मदत करणारा नवरा" नको, रात्रपाळी करणारा बाप हवा

स्त्री-पुरुष समतेवर तासभर बोलणारे कार्यकर्ते आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या घरी बाळ आलं की विसाव्या दिवशी ते पुन्हा मीटिंगला हजर असतात आणि कुणी विचारलंच तर म्हणतात, "मी घरी खूप मदत करतो." मागच्या वर्षी मुलगी झाली तेव्हा आम्हीही असंच म्हणत होतो. आमच्यातला बाप म्हणत होता आणि आई ऐकून घेत होती.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. त्यात बाईला विश्रांती मिळते हे खरं, पण बापाला बाळ हातात धरायलाही कुणी शिकवत नाही. आम्हाला माहेरची सोय नव्हती. सिझेरियन, दोन खोल्यांचं घर आणि संस्थेतून मिळालेली आठ दिवसांची रजा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा असते. खाजगी नोकरीत असा सरसकट कायदाच नाही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाची बाजू मांडली होती. बापाच्या रजेची मागणी आपल्या किती निवेदनांत असते, हे एकदा तपासून बघा.

सहाव्या रात्री आमचं भांडण झालं. बाप विचारत होता, "काय करू ते सांग ना." आई रडत म्हणाली, "सांगणं हेच तर काम आहे. थोडा वेळ तरी बाळ आहे हे मला विसरू दे."

तिला मदतनीस नको होता. तिला न तुटलेली झोप हवी होती.

नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. पाजणं आईलाच करावं लागतं, पण पाजण्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं बापाला जमतं. मग आम्ही असं ठरवलं : रात्री साडेनऊला पाजून झालं की बाळ बाहेरच्या खोलीत बापाकडे, मधलं दार बंद. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं त्याचं. बाळ भुकेने तोंड वळवू लागलं, मूठ चोखू लागलं की आईला उठवायचं; साधारण साडेबारा वाजायचे. पाजून झालं की बाळ पुन्हा बापाकडे. पहाटे चारनंतर तो झोपायचा. तीन तास सलग झोप मिळाल्यावर चौथ्याच दिवशी आईचा आवाज बदलला. एक धोका मात्र कळला : बाळ छातीवर घेऊन बसल्या-बसल्या डुलकी लागते. तशी चाहूल लागली की बाळाला पाळण्यात पाठीवर झोपवायचं, हट्ट करायचा नाही.

दुसरी गोष्ट नोंदींची. घरातले म्हणू लागले, दूध पुरत नाही, वरचं पाजा. हे ऐकून बाळंतीण खचते. बापाने दारामागे कागद चिकटवला आणि ओल्या लंगोटांच्या रेघा मारू लागला. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, तर दूध पोटात जातंय असं समजायला हरकत नसते. जन्माचं वजन 2.9 किलो होतं. चौथ्या दिवशी 2.7 भरलं तेव्हा घर हादरलं. पण सुरुवातीला एवढी घट होते. बाराव्या दिवशी पुन्हा 2.9 भरलं. मोठ्यांशी वाद बापाने घातला, तोही कागद दाखवून.

रडू येणं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सुरू झालं आणि दोन आठवड्यांत ओसरलं. ते त्यापुढे टिकलं, बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप लागेना, जगणं नको वाटू लागलं, तर ते नखरे नसतात. डॉक्टरकडे जायचं असतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर त्याच दिवशी.

आणि आम्ही दोघं? शरीरसंबंधांचा विषय डॉक्टरांनी सहा आठवड्यांनंतरचा सांगितला होता, पण त्या काळात कुणाच्या मनातही तो नव्हता. आम्हाला हवी होती ती दहा मिनिटं. सकाळी साडेसहाला बाळ पिऊन झोपलं की बाप चहा ठेवायचा. उंबऱ्यात बसून प्यायचा आणि लंगोट, बिलं, मीटिंग यांपैकी एकही शब्द काढायचा नाही, एवढाच नियम. दोन दिवस काय बोलावं तेच सुचेना. तिसऱ्या दिवशी कॉलेजातल्या एका सरांची नक्कल निघाली आणि टाके दुखतात म्हणून ती पोट धरून हसली. बऱ्याच सकाळी नियम मोडला. काही सकाळी आम्ही भिंतीला टेकून तसेच झोपून गेलो आणि चहावर साय धरली.