प्रत कोणाला?

सरकारी पत्र हातात आलं की आपण विषय वाचतो, सही कोणाची ते पाहतो आणि पत्र घडी घालतो. सहीच्या खाली डाव्या बाजूला ‘प्रत’ म्हणून छोटी यादी असते, ती सहसा कोणी वाचत नाही. मी मात्र नोकरीला लागलो तेव्हा पहिला धडा त्या यादीचाच मिळाला. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी कारकून म्हणून आलो. तिथले वडीलधारे हेडक्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, ते टाइपरायटरच्या काळातले. ते सांगायचे, “पत्र कोणाला लिहायचं ते विषय ठरवतो. प्रत कोणाला द्यायची ते मात्र डोकं वापरून ठरवावं लागतं.”

त्यांच्या काळात प्रत म्हणजे खरोखरीचा कार्बन. कागदांमध्ये कार्बन घालून कळा जोरात दाबायच्या. चार-पाच प्रतींनंतर अक्षरं पुसट व्हायची. त्यामुळे सहावी प्रत कोणाला हवी असेल तर पुन्हा टाइप करावं लागायचं, आणि तेवढ्या त्रासानेच माणूस विचार करायचा. शिवाय प्रतीपुढे कारण लिहावं लागायचं. वरिष्ठांना ‘माहितीस्तव सविनय सादर’, हाताखालच्यांना ‘माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी’. ज्याच्या हाती प्रत पडेल त्याला कळायचं की आपण नुसतं वाचायचं आहे की काही करायचंही आहे.

ईमेलमधला सीसी म्हणजे हीच कार्बन कॉपी, नावासकट. बीसीसी ही तिची लपलेली बहीण, म्हणजे मूळ पत्रावर जिचा उल्लेख नसतो अशी प्रत. पण कार्बनचा त्रास गेला आणि कारणाची ओळही गेली. आता आठ जणांना सीसी करायला आठ सेकंदही लागत नाहीत. मग काम नक्की कोणाचं, हे आठांपैकी एकालाही कळत नाही. म्हणून मी अजूनही ईमेलच्या पहिल्या ओळीत लिहितो: ‘कार्यवाही अमुक सरांनी करावी, बाकीच्यांना माहितीसाठी.’ टूमध्ये फक्त काम करणाऱ्याचं नाव, सीसीमध्ये फक्त माहिती हवी असणाऱ्याचं. एवढं पाळलं तरी निम्मा गोंधळ होत नाही.

उरलेला गोंधळ बीसीसीच्या जागी सीसी वापरल्याने होतो. तो मी जवळून पाहिला आहे.

शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज त्रुटी काढून परत येतात. कोणाचा उत्पन्नाचा दाखला जुना, कोणाचं बँक खातं आधारशी जोडलेलं नाही. एका वर्षी आमच्याकडे असे त्रेसष्ट अर्ज परत आले आणि मुदतीला थोडेच दिवस उरले होते. एका सहकाऱ्याने एकच ईमेल तयार केला, ‘आपल्या अर्जातील त्रुटी तात्काळ दूर करा’, आणि त्रेसष्टही मुलांचे पत्ते सीसीत टाकून पाठवला. यादी जोडलेली नव्हती, त्रुटी लिहिलेल्या नव्हत्या. त्याच्या मते त्यात गुपित असं काहीच नव्हतं.

पण पत्त्यांची ती रांग हीच एक यादी होती. कोणाकोणाचे अर्ज अडकले, हे त्रेसष्ट जणांना एकमेकांबद्दल कळलं. मग उत्तरं सुरू झाली. दहाबारा जणांनी ‘ओके सर’ लिहिलं, तेही रिप्लाय ऑल करून. एकाने ‘मला सारखे ईमेल का येताहेत?’ असं सगळ्यांनाच विचारलं. त्या रांगेत एका मुलीचं उत्तर आलं. वडील पावसाळ्यात वारले, मृत्यूचा दाखला अजून मिळालेला नाही, म्हणून उत्पन्नाचा दाखला काढता येत नाही, फी भरायला घरात काही नाही, दोन आठवडे मिळतील का, असं तिने लिहिलं होतं. तिने ते सरांना लिहिलं होतं. मोबाइलवर समोर जे बटण दिसलं ते दाबलं, आणि ते तिच्या वर्गातल्या मुलांच्या फोनवरही पोहोचलं.

तिचा अर्ज पुढे वेळेत गेला. पण त्यानंतर कितीतरी दिवस ती कार्यालयाच्या खिडकीशी आली नाही, भावाला पाठवायची. चूक बटण दाबणाऱ्या मुलीची नव्हती. पत्ते उघडे ठेवले तेव्हाच ते बटण धोक्याचं झालं होतं.

बीसीसीचा उपयोग नेमका इथे आहे, आणि तो दुहेरी आहे. आपला स्वतःचा पत्ता टूमध्ये टाकायचा आणि सगळे विद्यार्थी बीसीसीत. मग कोणाला कोणाचा पत्ता दिसत नाही, हा एक भाग. दुसरा भाग लोकांच्या लक्षात येत नाही: बीसीसीतल्या माणसाने रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर बाकीच्या बीसीसीवाल्यांकडे जात नाही, कारण त्यांचे पत्ते त्याच्याकडे आलेलेच नसतात. ते फक्त पाठवणाऱ्याकडे येतं. त्या मुलीने तेच बटण दाबलं असतं आणि काहीच बिघडलं नसतं.

उलट, एखाद्या वादाच्या ईमेलमध्ये साहेबांना गुपचूप बीसीसी करणं हे दुधारी असतं. साहेबांना टू आणि सीसीतले सगळे दिसतात. त्यांनी रिप्लाय ऑल करून ‘बघतो’ एवढं लिहिलं, की ते लपून वाचत होते हे सगळ्यांना कळतं. तिथे बीसीसी न करता, पाठवलेला ईमेल नंतर साहेबांना वेगळा फॉरवर्ड केलेला बरा.

ही चूक आपल्याच छोट्या कार्यालयांत होते असं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं. ब्रिटिश फौजेसोबत काम केलेले अनेक अफगाण मागे अडकले. २० सप्टेंबर २०२१ रोजी ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने स्थलांतरासाठी पात्र असलेल्या अशा लोकांना एक ईमेल पाठवला आणि सगळे पत्ते टूमध्ये टाकले. २४५ जणांची माहिती उघडी पडली. ५५ जणांच्या पत्त्यांशेजारी छोटे फोटोही दिसत होते. दोघांनी रिप्लाय ऑल केलं, आणि त्यातल्या एकाने आपण कुठे आहोत ते लिहिलं. ती यादी तालिबानच्या हाती लागली असती तर जिवावर बेतलं असतं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी मंत्रालयाला साडेतीन लाख पौंडांचा दंड केला.

त्या प्रकरणातून आणखी एक गोष्ट पुढे आली. नाजूक माहिती असेल तर नुसत्या बीसीसीवर विसंबू नये, कारण घाईत एकदा चौकट चुकली की संपलं. अशा वेळी मेल मर्ज वापरावा, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला वेगळा ईमेल जातो आणि त्यात एकच पत्ता असतो. आमच्याकडे आता शिष्यवृत्तीची पत्रं अशीच जातात. प्रत्येकाला त्याचीच त्रुटी लिहिता येते, हा वरचा फायदा.

गेलेला ईमेल परत आणता येतो या भरवशावर राहू नका. जीमेलमधला `Undo Send` पाच ते तीस सेकंदच साथ देतो. सुरुवातीला तो पाचवर असतो, तेव्हा आजच तीसवर करून ठेवा. आउटलुकचं परत बोलावणं फक्त आपल्याच संस्थेतल्या खात्यांपुरतं चालतं. आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये `Default reply behavior` नावाची ओळ आहे, ती एकदा उघडून पाहा. तिथे कोणी `Reply all` निवडून ठेवलं असेल तर तुमचं प्रत्येक उत्तर गावभर जायला तयार बसलेलं आहे. ते `Reply` करा.

पत्ता मात्र सगळ्यात शेवटी टाका. मजकूर लिहून झाला, जोडपत्र लावलं, एकदा वाचलं, आणि मगच नावं. पत्ता नसलेला ईमेल चुकून कितीही वेळा पाठवला तरी जात नाही.