आधी अ‍ॅप, मग बटण

मालक नाशिकला नाहीतर ठाण्याला आणि खोल्या दाभोशाच्या धबधब्याच्या वाटेवर, अशा घरांत स्मार्ट प्लग आणि बल्ब बसवणं हे माझं काम. मालकाला घरबसल्या पाहुण्यांचा गीझर बंद करायचा असतो, ओट्यावरचा दिवा संध्याकाळी आपोआप लागायला हवा असतो. बसवणं सोपं आहे. बसवलेलं नीट काढणं फार थोड्यांना जमतं, आणि लेंडी नदीला पाणी चढलं की मला येणारे बरेचसे फोन त्यावरूनच असतात.

वाय-फायवर चालणाऱ्या बल्बची किंवा प्लगची नोंद दोन ठिकाणी असते. एक कंपनीच्या सर्व्हरवर, की हे उपकरण अमुक खात्याचं आहे. दुसरी उपकरणाच्या चिपमध्ये, त्यात घरच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड असतो. अ‍ॅपमधून उपकरण काढलं की पहिली नोंद पुसली जाते. त्या वेळी उपकरण ऑनलाइन असेल तर सर्व्हरचा निरोप त्याला पोचतो, ते दुसरी नोंदही पुसतं आणि नव्या जोडणीसाठी तयार होऊन लुकलुकू लागतं. ऑफलाइन असेल तर निरोप पोचत नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं, पण किल्ली कुणी परत घेतलीच नाही, असा तो प्रकार. मग बटण दाबून हातानेच रीसेट करावं लागतं.

उलटा प्रकार जास्त त्रासाचा. बटण दाबून चिपमधली नोंद पुसली, पण सर्व्हरवरचं जुनं खातं तसंच राहिलं. काही कंपन्यांची उपकरणं अशा वेळी नव्या खात्याला मुकाट्याने जोडली जातात, काही साफ नकार देतात. हे उपकरण आधीच दुसऱ्या खात्यात आहे, असा संदेश येतो. मग बटण कितीही वेळ दाबून धरलं तरी उपयोग नाही. जुन्या मालकाने त्याच्या फोनवरून ते काढलं पाहिजे, नाहीतर खरेदीची पावती घेऊन कंपनीच्या मागे लागलं पाहिजे. म्हणून घर विकताना किंवा चालवायला देताना मी एकच क्रम पाळायला सांगतो: वीज आणि इंटरनेट चालू असताना आधी अ‍ॅपमधून काढा, मग बटण. Smart Life सारख्या अ‍ॅपमध्ये उपकरणाच्या पानावर वर उजवीकडच्या खुणेला हात लावला की तळाशी Remove Device येतं. तिथे Disconnect आणि Disconnect and wipe data असे दोन पर्याय दिसले तर घर सोडताना दुसराच निवडावा. पहिल्याने जोडणी तुटते, पण गीझर कधी लागला आणि कधी बंद झाला याचा जुना हिशेब मागे राहतो.

प्लगचं रीसेट बहुधा पाचेक सेकंदांचं असतं. बटण दाबून धरायचं, दिवा भराभर लुकलुकू लागला की सोडायचं. नवी जोडणी करताना फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर असावा, कारण बहुतेक प्लगना ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय दिसतच नाही. एवढं करूनही जोडणी होत नसेल तर बटण पुन्हा दाबून धरावं. मग दिवा सावकाश लुकलुकतो आणि प्लग स्वतःचंच एक वाय-फाय उभं करतो. फोनच्या यादीत SmartLife- ने सुरू होणारं नाव दिसतं, त्याला फोन जोडून पुढे जायचं.

बल्बला बटणच नाही, आणि आमच्या भागातली खरी गंमत तिथे आहे. भिंतीवरचा स्विच हेच त्याचं बटण. अनेक बल्ब तीनदा, काही पाचदा लागोपाठ चालू-बंद केले की रीसेट होतात. वीज आली की बल्ब चिपमध्ये एक आकडा वाढवून ठेवतो. काही सेकंद सलग चालू राहिला की तो आकडा शून्य करतो. तेवढा वेळ न मिळता वीज पुन्हा गेली तर आकडा वाढत राहतो आणि ठरलेल्या संख्येला पोचला की बल्ब समजतो, मालकाने रीसेट मागितलं. स्विच माणसाने दाबला की तारेवर फांदी टेकून लाइट आली-गेली-आली, हे त्याला कळायला मार्ग नाही. वादळी पावसात लाइट अशीच येते.

एका पावसाळ्यात दाभोशाजवळच्या दोन खोल्यांच्या घरातून राखणदाराचा फोन आला, "दादा, ओट्यावरचे बल्ब नाचायला लागलेत." तिकडे नाशिकला मालकांनी अ‍ॅपमध्ये चारही बल्ब Offline बघून ते काढायला सुरुवात केली होती. दोन काढले आणि तिसऱ्याच्या आधी मला विचारलं. मी म्हटलं, "साहेब, थांबा. आता कशालाच हात लावू नका."

राखणदाराला आधी राउटरकडे पाहायला सांगितलं. लाइट आल्यावर राउटर आणि फायबरचा डबा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतात, तोवर सगळंच ऑफलाइन दिसतं. राउटरवर इंटरनेटचा दिवा लाल असेल तर काहीच करायचं नाही, कारण नवी जोडणीसुद्धा सर्व्हरला विचारूनच होते. इंटरनेट नसताना चांगला चालणारा प्लग रीसेट केला तर तो इंटरनेट येईपर्यंत ना जुन्या घरचा, ना नव्या. त्या दिवशी दिवा हिरवा होता. मग बल्बचे स्विच बंद करून, थोडं थांबून, एकदाच चालू करायला लावले. काही बल्बांत चुकून झालेल्या रीसेटपासून बचावाची सोय असते; नवी जोडणी झाली नाही आणि वीज एकदा जाऊन आली, की ते जुनं वाय-फाय पुन्हा आठवतात. न काढलेल्या दोनपैकी एक तसा परत आला. दुसरा लुकलुकतच राहिला.

त्या दुसऱ्याला अ‍ॅपमधून न काढताच, त्याच खात्यात, नवं उपकरण जोडतात तसं पुन्हा जोडलं. सर्व्हरने त्याला ओळखलं आणि त्याचं नाव, सहाला लागायची वेळ, सगळं जागच्या जागी राहिलं. ही गोष्ट लोकांना माहीत नसते आणि घाईत काढून टाकण्याची किंमत इथेच मोजावी लागते. मालकांनी काढलेले दोन बल्बही जोडले गेले, पण कोरे होऊन. त्यांच्या वेळा आणि दाराच्या सेन्सरशी असलेलं नातं नव्याने बसवावं लागलं. सरळ सांगायचं तर विजेच्या झटक्याने सुटलेला बल्ब काढायचा नसतो, वरूनच पुन्हा जोडायचा असतो. आणि या भागात बाहेरच्या दिव्यासाठी मी आता स्मार्ट बल्ब सुचवतच नाही. साधा बल्ब आणि स्विचच्या डब्यात बसणारं, वेगळं बटण असलेलं मॉड्यूल बरं. बहुतेक मॉड्यूलना लाइटच्या येण्याजाण्याने रीसेट होण्याची खोड नसते.

दाराच्या सेन्सरची तऱ्हा वेगळी. तो बॅटरीवर चालतो आणि बहुधा झिगबी गेटवेतून बोलतो. बॅटरी टिकावी म्हणून तो जवळजवळ सारा वेळ झोपलेला असतो. अ‍ॅपमधून काढल्यावर गेटवे त्याला निघून जायला सांगतो, पण झोपलेल्याला ते ऐकू जात नाही, आणि नंतर जागा झाल्यावर तो जुन्याच जाळ्याला हाका मारत बसतो. म्हणून काढण्याच्या क्षणी दार उघडून किंवा त्याचं बटण हलकेच दाबून त्याला जागं करावं. तरीही लुकलुकला नाही तर बारीक भोकात पिन घालून पाचेक सेकंद दाबून धरावी. दिवा अजिबातच लागला नाही तर रीसेटचा नाद सोडून आधी बॅटरी बदलावी. उतरलेल्या बॅटरीवर दाराची उघडझाप कशीबशी कळत राहते, जोडणी मात्र अर्ध्यातच तुटते, आणि माणूस पिन घेऊन उगाच झगडत बसतो.