नळाची पाळी

चि. बेबी,


तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘काका, यापुढे मी कॉलनीला काही कळवणार नाही’ हे वाक्य मला अजिबात आवडलं नाही. चार जणी नळावर तुला बोलल्या म्हणून इतकं मनाला लावून घ्यायचं? गेटवर ठेकेदाराने लावलेला इंग्रजी कागद दिवसभर सगळ्यांनी पाहिला. थांबून फोटो काढला आणि मराठीत लिहून पाठवला, तो तू एकटीने. ‘माझं भाषांतर चुकलं का?’ असं विचारतेस. फोटो आणि तुझी सूचना शेजारी ठेवून पाहिली. शब्द बहुतेक बरोबर आहेत. तरी लोकांचं पाणी चुकलं, आणि ते का चुकलं हे तुला सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही. मी उगाच का इतकी वर्षं व्हॉल्व्हच्या चाव्या फिरवल्या?

कागदावर ‘मंगळवारी सकाळी 10 पासून 24 तास’ होतं. तू लिहिलंस, ‘उद्या सकाळी 10 पासून 24 तास पाणी बंद.’ आता हे ‘उद्या’ बघ. तू सोमवारी लिहिलंस, पण मागच्या गल्लीत तो निरोप मंगळवारी पोचला. तिथे उद्या म्हणजे बुधवार झाला. वार आणि तारीख दोन्ही लिहायची, आणि फोटो सोबत जोडायचा, म्हणजे शंका आली तर माणूस मूळ कागद पाहील.

दुसरी गोष्ट मोठी आहे. ते 24 तास पाइपाच्या कामाचे होते, तुमच्या नळाचे नव्हते. बुधवारी दहाला जोड पूर्ण झाला असं धर. मग रिकामी लाइन भरायची, तिच्यातली हवा बाहेर काढायची, त्यानंतर टाकी चढायची. समज, टाकी 3 लाख लिटरची आहे आणि पंप ताशी 30 हजार चढवतो. वीज एकदाही गेली नाही तरी भरायला दहा तास, म्हणजे रात्रीचे आठ तरी वाजले. बुधवारची पाळी तिथेच हुकली. नळगंगेचं धरण आपल्याच तालुक्यात, तरी पाळी चुकली की बाईला किती दिवस गुंडातलं पाणी पुरवून वापरावं लागतं, हे तुला मी काय सांगू! म्हणून व्हॉल्व्हमनला एकच प्रश्न विचारायचा: पाळ्या एकेक दिवस पुढे सरकणार, की बुधवारवाल्यांची पाळी बुडणार? याचं उत्तर त्या कागदावर नसतंच. ते मिळालं तरच सूचना पुरी होते. ‘कमी दाबाने’ हे तू नीट लिहिलंस, पण चढावरच्या घरांना पहिल्या दिवशी धारच लागणार नाही, हेही लिहायला हवं होतं.

आता शेवटची ओळ. इंग्रजीत बारीक अक्षरात होतं की सुरुवातीचं गढूळ पाणी वाहू द्यावं. तू लिहिलंस, ‘सुरुवातीला गढूळ पाणी येऊ शकते.’ बेबी, त्या ओळीने काय करायचं ते सांगितलं होतं, तू ती नुसती माहिती करून टाकलीस. लाइनमध्ये दाब असतो तोवर गळक्या जोडातून पाणी बाहेर जातं. लाइन रिकामी झाली की त्याच फटीतून नालीचं पाणी आत ओढलं जातं. मग नळ आले की पहिल्या धारेत तेच येतं. गढूळपणा गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असंही नाही. नळाच्या पाण्यात लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं. ओटी टेस्टचा थेंब टाकला आणि पिवळा रंग आला नाही, तर ते पाणी उकळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. नोकरीत एका गावी मी हे बघितलंय. शटडाउननंतर तिसऱ्या दिवशी एका गल्लीत घरोघर उलट्या-जुलाब सुरू झाले. चेंबर उघडलं तर जोडाला नालीचा चिखल लागलेला. तो वास अजून नाकातून जात नाही.

पुढच्या वेळी इतकंच लिही: वार-तारीख, कोणत्या गल्लीची पाळी कधी, आणि ‘पहिल्या दोन बादल्या सड्याला-झाडांना, त्या दिवशीचं पिण्याचं पाणी उकळून’. कोपऱ्यावरच्या आजींना मोबाइल दिसत नाही, त्यांना दारात जाऊन सांग. त्या रांजण धुऊन बसल्या होत्या असं तूच लिहिलंस, वाचून जीव कसनुसा झाला.

आणि पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंस की गुरुवारपासून पिल्लूचं पोट बिघडलंय. हे शेवटी लिहायचं असतं का? एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट पाजत राहा. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा पोर मलूल पडलं, तर घरी थांबू नकोस, लगेच दवाखान्यात ने. रांजणातलं पाणी आजच ओतून टाक. बाकीचं सगळं राहू दे, पिल्लू कसा आहे ते आधी फोनवर सांग.

तुझा,
काका