गोठ्याच्या भिंतींचीही परवानगी हवी

एम.व्ही.एस्सी.च्या प्रबंधासाठी मला आमच्या महाविद्यालयाच्या गोठ्यांतून गोचीड गोळा करायचे होते. गोठ्यांची जबाबदारी असलेल्या सरांना अर्ज लिहिताना पहिली मागणी सोपी होती: गाईंच्या अंगावरचे गोचीड काढू द्यावेत. दुसरी मागणी मी कारणासह लिहिली.

‘मा. सर, सविनय नमस्कार. जनावरांबरोबरच भिंतींच्या फटी आणि गव्हाणीच्या खालची बाजू तपासण्याचीही परवानगी द्यावी. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा गोचीड पिल्लापासून प्रौढ होईपर्यंत सुमारे तीन आठवडे एकाच गाईवर राहतो. हायलोमा मात्र रक्त पिऊन खाली पडतो आणि फटीत लपून कात टाकतो. फक्त गाई तपासल्या, तर दुसऱ्या जातीचा हिशेब अपुरा राहील.’

पुढे पद्धत लिहिली. कान, पोळी, कास आणि शेपटीखालची जागा पाहायची. बोथट टोकाचा चिमटा कातडीला टेकवून गोचीड सरळ वर ओढायचा. पिळला तर तोंडाचा भाग कातडीत तुटून राहतो आणि तिथे जखम चिघळू शकते. हातमोजे घालायचे, गोचीड बोटांनी चिरडायचा नाही. ओळख पटवण्यासाठीचे नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचे. कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालायची, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

सरांनी बोलावून विचारलं, “तुझ्या नमुन्यांसाठी फवारणी पुढे ढकलायची का?”

“नाही सर. फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव तेवढं कळवा. मी आदल्या दिवशी नमुने घेईन आणि काही दिवसांनी पुन्हा बघेन. फवारणीनंतर टिकलेलेच मला जास्त महत्त्वाचे आहेत.”

“पण ते औषधाला दाद देत नाहीत, की औषध त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही, हे कसं ओळखशील?”

हा प्रश्न नेमका होता. त्यासाठी रक्ताने टम्म फुगलेल्या माद्या जिवंत हव्या होत्या. त्यांनी घातलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्लं औषध लावलेल्या कागदी पाकिटात २४ तास ठेवून किती मेली ते मोजायचं. नेहमी मारक ठरणाऱ्या मात्रेतही बरीच जगली, तर प्रतिकारशक्तीचा संशय बळावतो. सगळी मेली, तर फवारणी कशी झाली ते तपासायला हवं. मी हे अर्जात जोडलं. पिल्लं बारीक फटीतूनही निसटतात, म्हणून नळ्यांच्या तोंडावर घट्ट विणीचं मलमल दुहेरी बांधण्याची अट सरांनी घातली.

परवानगी मिळाली. गाईंवर मुख्यतः मायक्रोप्लस सापडले, तर भिंतींच्या फटीत लांब तोंडाचे हायलोमा. फवारणी तोवर जनावरांवरच होत होती. माझी नोंद पाहून सरांनी फटी लिंपून घ्यायला सांगितल्या आणि पुढच्या फवारणीच्या वेळापत्रकात भिंतींचाही समावेश केला.